निकालानंतरची भाषा : गायडन्स, हेडविंड आणि रन रेट

तिमाही निकाल जाहीर झाले की सूचिबद्ध कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि वित्तप्रमुख विश्लेषकांशी तासाभराचा संवाद करतात. बाजारात त्याला अर्निंग्ज कॉल किंवा नुसते कॉनकॉल म्हणतात. सुरुवातीला व्यवस्थापनाचे लिहून आणलेले निवेदन असते आणि उरलेला वेळ प्रश्नोत्तरांना दिलेला असतो. पूर्वी हा संवाद प्रामुख्याने दलाली पेढ्या आणि म्युच्युअल फंड यांच्यापुरता होता. सेबीने सूचिबद्धतेच्या नियमांत बदल केल्यावर त्याचे ध्वनिमुद्रण पुढच्या व्यवहाराच्या दिवसाआधी किंवा २४ तासांत, यांपैकी जे आधी असेल तेव्हा, आणि लेखी प्रत ५ कामकाजी दिवसांत जाहीर करणे बंधनकारक झाले. त्यामुळे शंभर शेअर बाळगणाऱ्या गुंतवणूकदारालाही आता तोच मजकूर वाचायला मिळतो. अडचण उरते ती भाषेची. ‘गायडन्स कायम ठेवला आहे’, ‘काही हेडविंड आहेत’, ‘सध्याचा रन रेट उत्साहवर्धक आहे’ ही वाक्ये त्याच क्रमाने कानावर पडतात आणि ऐकणाऱ्याच्या मनात एक धूसर समाधान किंवा धूसर काळजी सोडून जातात.

या तीन शब्दांचे अर्थ सुटे सुटे पाठ करून फारसा उपयोग होत नाही. गायडन्स हा पुढच्या काळाविषयीचा दावा आहे, रन रेट हा आताच्या काळाचा हिशेब आहे आणि हेडविंड हे या दोहोंमधल्या अंतराचे कंपनीने दिलेले कारण आहे. म्हणून हे तिन्ही शब्द एकमेकांवर घासून पाहावे लागतात. ते साध्या गुणाकार-भागाकाराने करता येते. इन्फोसिसचे २०२३-२४ हे आर्थिक वर्ष त्यासाठी उत्तम उदाहरण आहे, कारण त्या वर्षात कंपनीने आपला अंदाज तीनदा बदलला आणि प्रत्येक वेळी लागणारे आकडे जाहीर होते.

आधी गायडन्स. येत्या वर्षात किंवा तिमाहीत उत्पन्न किती वाढेल, नफ्याचे प्रमाण किती राहील, याचा कंपनीने स्वतः जाहीर केलेला अंदाज म्हणजे गायडन्स. तो देण्याची सक्ती नसते. टीसीएस असा आकडा देत नाही, विप्रो फक्त पुढच्या तिमाहीचा देते, तर इन्फोसिस आणि एचसीएल टेक वर्षाचा देतात. गायडन्स म्हणजे वचन नव्हे. प्रत्येक संवादाच्या आरंभी वाचून दाखवले जाणारे सेफ हार्बर निवेदन नेमके हेच सांगते, की भविष्याविषयीची विधाने चुकू शकतात आणि तेवढ्यावरून कंपनीला जबाबदार धरता येणार नाही. तरीही गायडन्सला वजन असते, कारण ग्राहकांशी झालेले करार, हातातली कामे आणि रखडलेली कामे बाहेरच्या कोणाहीपेक्षा व्यवस्थापनाला जास्त ठाऊक असतात.

गायडन्स वाचताना आणखी एक शब्द टाळता येत नाही, तो म्हणजे कॉन्स्टंट करन्सी. इन्फोसिसचे बहुतेक उत्पन्न अमेरिकेतून आणि युरोपातून येते आणि हिशेब डॉलरमध्ये जाहीर होतो. युरो किंवा पौंड वधारला तर काम तेवढेच राहूनही डॉलरमधला आकडा फुगतो. हा परिणाम काढून टाकण्यासाठी दोन्ही वर्षांचे उत्पन्न एकाच विनिमय दराने मोजतात. इन्फोसिसचा गायडन्स या मोजमापात असतो. रुपयातल्या वाढीशी त्याची तुलना केली तर रुपयाच्या घसरणीचे श्रेय कंपनीच्या कामगिरीला दिले जाते, आणि ही चूक वर्तमानपत्री मथळे वाचणाऱ्याकडून वारंवार होते.

१३ एप्रिल २०२३ रोजी इन्फोसिसने मार्च तिमाहीचे निकाल जाहीर केले. नव्या वर्षासाठी गायडन्स होता ४ ते ७ टक्के वाढीचा. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी, मग शनिवार-रविवार. सोमवारी १७ तारखेला बाजार उघडला आणि शेअर सुमारे ९ टक्के पडला. आधीच्या वर्षी कंपनी १५ टक्क्यांहून अधिक वाढली होती. त्यामुळे ४ ते ७ टक्के हा आकडा निराशाजनक होता हे उघडच होते. पण तोही आकडा गाठणे किती अवघड आहे हे रन रेटशिवाय कळत नव्हते.

रन रेट हा शब्द क्रिकेटमुळे घरोघरी माहीत आहे आणि अर्थही जवळपास तोच आहे. आतापर्यंतच्या गतीनेच पुढे गेले तर अखेरीस किती होईल, याचा हिशेब. कंपनीच्या बाबतीत तिमाहीचे उत्पन्न गुणिले चार म्हणजे वार्षिक रन रेट. महिन्याचा आकडा असेल तर गुणिले बारा. मार्च २०२३ च्या तिमाहीत इन्फोसिसचे उत्पन्न ४,५५४ दशलक्ष डॉलर होते. चारने गुणले की १८,२१६ दशलक्ष. आणि नुकत्याच संपलेल्या संपूर्ण वर्षाचे उत्पन्न होते १८,२१२ दशलक्ष. म्हणजे मार्च तिमाहीच्या गतीने कंपनी पुढचे वर्षभर चालली असती तर वाढ जवळजवळ शून्य झाली असती. १५ टक्के वाढीच्या वर्षाचा शेवट एका अशा तिमाहीने झाला होता, जी आधीच्या तिमाहीपेक्षा कॉन्स्टंट करन्सीत ३.२ टक्क्यांनी घटलेली होती. वार्षिक वाढीच्या मोठ्या आकड्याने ही घट झाकली गेली होती. रन रेटने ती उघडी केली.

आता दुसरी पायरी. शून्यावरून ४ टक्क्यांवर जायचे तर प्रत्येक तिमाहीत आधीच्या तिमाहीपेक्षा किती वाढ हवी? धावांच्या पाठलागात लागणारी गती काढतात तसाच हा हिशेब, आणि विश्लेषकही त्याला आस्किंग रेटच म्हणतात. १८,२१२ चे ४ टक्के वाढलेले रूप होते सुमारे १८,९४० दशलक्ष. सुरुवात ४,५५४ पासून करून चार तिमाहींची बेरीज तेवढी व्हायची तर दर तिमाहीला साधारण १.६ टक्के वाढ लागत होती, आणि ७ टक्क्यांसाठी सुमारे २.७ टक्के. नुकतीच ३.२ टक्क्यांनी घसरलेली कंपनी लगेच उलटी फिरून सलग चार तिमाही अशी वाढेल, हे गायडन्सने गृहीत धरले होते. अंदाजाची खालची बाजूसुद्धा एका वळणावर अवलंबून होती. ‘४ ते ७ टक्के’ हे शब्द ऐकून हे वळण दिसत नाही. ते भागाकार केल्यावर दिसते.

२० जुलैला पहिल्या तिमाहीचे आकडे आले. उत्पन्न ४,६१७ दशलक्ष होते, म्हणजे आधीच्या तिमाहीपेक्षा कॉन्स्टंट करन्सीत १ टक्का वाढ. लागणाऱ्या गतीपेक्षा कमी, पण वाढ होतीच. त्याच दिवशी गायडन्स मात्र ४ ते ७ वरून १ ते ३.५ टक्क्यांवर आणला गेला. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे ८ टक्के खाली आला. नव्या पट्ट्याचा हिशेब पाहा. १ टक्का वाढ म्हणजे वर्षाचे सुमारे १८,३९४ दशलक्ष. त्यातून झालेले ४,६१७ वजा केले आणि तीनने भागले की उरलेल्या प्रत्येक तिमाहीची सरासरी येते ४,५९२. ही सरासरी नुकत्याच झालेल्या तिमाहीपेक्षा कमी आहे. म्हणजे उत्पन्न इथून पुढे आटू शकते, ही शक्यता कंपनीने स्वतःच्या पट्ट्यात धरली होती.

ऑक्टोबरमध्ये वाढते उत्पन्न आणि घटता अंदाज यांतला हा विरोध आणखी तीव्र झाला, आणि रन रेट हा शब्द कुठे फसवतो हे तिथे स्पष्ट दिसते. सप्टेंबर तिमाहीचे उत्पन्न ४,७१८ दशलक्ष झाले. चारने गुणून १८,८७२ दशलक्ष, म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा ३.६ टक्के अधिक. शिवाय त्या तिमाहीत ७.७ अब्ज डॉलरची मोठी कंत्राटे मिळाल्याचे कंपनीने जाहीर केले, तो तिच्यापुरता विक्रम होता. नुसते एवढे वाचणारा गुंतवणूकदार खूश झाला असता. पण त्याच दिवशी गायडन्सची वरची मर्यादा ३.५ वरून २.५ टक्क्यांवर आणली गेली. २.५ टक्के वाढीसाठी वर्षाचे १८,६६७ दशलक्ष लागत होते आणि पहिल्या सहामाहीत ९,३३५ झाले होते. उरलेल्या दोन तिमाहींची सरासरी ४,६६६ निघते. म्हणजे अंदाजाची सर्वांत आशावादी बाजूसुद्धा सांगत होती की दुसरी सहामाही सप्टेंबर तिमाहीपेक्षा खाली असेल.

प्रत्यक्षात तसेच झाले. डिसेंबर तिमाही ४,६६३ आणि मार्च तिमाही ४,५६४ दशलक्ष. वर्षाची बेरीज १८,५६२ दशलक्ष, वाढ डॉलरमध्ये १.९ टक्के आणि कॉन्स्टंट करन्सीत १.४ टक्के. जानेवारीत तर गायडन्स १.५ ते २ टक्के असा अगदी अरुंद केला होता, आणि वर्षअखेरचा आकडा त्याच्याही किंचित खाली राहिला. वर केलेले भागाकार डॉलरच्या आकड्यांवर आहेत आणि गायडन्स कॉन्स्टंट करन्सीत असतो, त्यामुळे त्यांत अर्ध्या टक्क्याची तफावत धरावी लागते. त्याने जुलैचा निष्कर्ष काठावर येतो, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या हिशेबांची दिशा मात्र बदलत नाही.

विक्रमी कंत्राटे आणि घटते उत्पन्न एकाच वेळी कसे संभवते? कंत्राटाचे एकूण मूल्य, ज्याला टीसीव्ही म्हणतात, ते अनेक वर्षांत मिळून येणाऱ्या पैशांचे असते. त्यात जुन्या ग्राहकाचे नूतनीकरणही मोजलेले असते, आणि त्यातून नवे उत्पन्न फारसे येत नाही. काम सुरू व्हायलाही महिने लागतात. दरम्यान ग्राहक छोटी, ऐच्छिक कामे थांबवत असेल तर गळती भरतीपेक्षा मोठी होते. म्हणून टीसीव्हीचा आकडा ऐकला की त्यातला नवा भाग किती हे पाहावे. इन्फोसिस हा हिस्सा निकालांसोबत देते. सगळ्या कंपन्या देत नाहीत.

रन रेटचा दुसरा दोष हंगामाचा. माहिती-तंत्रज्ञानात डिसेंबर तिमाहीत सुट्ट्यांमुळे कामाचे दिवस कमी पडतात. वातानुकूलन यंत्रे विकणाऱ्या व्होल्टाससारख्या कंपनीत तर एप्रिल ते जून हीच मुख्य कमाई. त्या तिमाहीला चारने गुणणे म्हणजे वर्षभर उन्हाळा धरणे. अशा ठिकाणी गेल्या चार तिमाहींची बेरीज घ्यावी किंवा मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना करावी. व्यवस्थापन जेव्हा ‘एक्झिट रन रेट’ सांगते, म्हणजे तिमाहीच्या शेवटच्या महिन्याची गती, तेव्हा तर अधिक सावध राहायला हवे. मार्चच्या अखेरीस वितरकांकडे माल ढकलून हा आकडा सहज वाढवता येतो. मग एप्रिलमध्ये मालाचे परतावे आणि थकलेली येणी दिसू लागतात. ताळेबंदातली येणी विक्रीपेक्षा वेगाने वाढत असतील तर त्या महिन्याच्या गतीवर विश्वास ठेवू नये.

आता हेडविंड. व्यवसायाला अडवणारी बाहेरची परिस्थिती, असा त्याचा कामचलाऊ अर्थ. मागणीतली मंदी, कच्च्या मालाची भाववाढ, चलनाचा फटका, सरकारी नियम. अनुकूल गोष्टींना टेलविंड म्हणतात. या शब्दात एक गृहीत दडलेले असते, की कारण बाहेरचे आहे आणि तात्पुरते आहे. ही दोन्ही गृहीते तपासण्याजोगी आहेत आणि विश्लेषकसुद्धा ती अनेकदा तपासत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

बाहेरचे कारण असेल तर ते त्याच क्षेत्रातल्या इतरांनाही लागले पाहिजे. २०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, बँकांनी खर्चाला हात आखडता घेतला आणि भारतीय माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांना तो फटका बसला, यात खोटे काही नव्हते. पण त्याच मार्च तिमाहीत टीसीएसची वाढ, अगदी मंद का होईना, ०.६ टक्के होती आणि इन्फोसिसची घट ३.२ टक्के. पुढचे अख्खे वर्ष पाहिले तर कॉन्स्टंट करन्सीत एचसीएल टेक ५ टक्के वाढली, टीसीएस ३.४ टक्के, इन्फोसिस १.४ टक्के, आणि विप्रोची माहिती-तंत्रज्ञान सेवा ४.४ टक्क्यांनी घटली. परिस्थिती चौघांनाही एकच होती. वाढीतल्या या सुमारे साडेनऊ टक्केबिंदूंच्या अंतरामागे ग्राहकांचे मिश्रण, कंत्राटांचे स्वरूप आणि व्यवस्थापनाचे निर्णय होते. हेडविंड हे स्पष्टीकरण सगळ्यांना सामाईक असलेल्या भागापुरतेच स्वीकारायचे असते. उरलेला भाग कंपनीचा स्वतःचा असतो.

तात्पुरतेपणाची तपासणी नफ्याच्या प्रमाणावर सर्वांत चांगली होते. वित्तप्रमुख इथे बेसिस पॉइंटमध्ये बोलतात. १०० बेसिस पॉइंट म्हणजे १ टक्केबिंदू. समजा मार्जिन २१ टक्क्यांवरून २०.३ टक्क्यांवर आले. ‘पगारवाढीचा हेडविंड १६० बेसिस पॉइंट, रुपयाच्या घसरणीचा टेलविंड ५०, खर्चकपातीचा ४०’ असे सांगितले जाते. उणे १६०, अधिक ९०, निव्वळ उणे ७०. बेरीज जुळली. पण यातली पगारवाढ हा हेडविंड आहे का? ती दरवर्षी द्यावीच लागते. तो धंद्याचा नेहमीचा खर्च आहे. फक्त ती कोणत्या महिन्यात द्यायची हे कंपनीच्या हातात असते. २०२३ मध्ये इन्फोसिसने ती १ नोव्हेंबरपासून लागू केली. सप्टेंबर तिमाहीचे मार्जिन २१.२ टक्के आणि डिसेंबरचे २०.५ टक्के होते. या घसरणीत इतर कारणेही होती, पण ज्याला पगारवाढीची तारीख ठाऊक नाही तो आधीच्या तिमाहींतले मार्जिन कार्यक्षमतेचे फळ समजेल, आणि ते काही अंशी पुढे ढकललेल्या खर्चाचे होते. दर दुसऱ्या वर्षी येणारे ‘एकवेळचे’ खर्च या सदरातलेच. तीन-चार वर्षांच्या लेखी प्रती समोर ठेवून एकाच कारणाचा उल्लेख किती वेळा आला हे मोजले की ते तात्पुरते आहे की कायमचे, हे कळते.

आणखी एक खूण बारकाईने पाहण्याजोगी आहे. हेडविंड सरला की तो टेलविंड होतो, पण त्याचे श्रेय मात्र फार क्वचित वाऱ्याला दिले जाते. २०२२ मध्ये पामतेल महागले, इंडोनेशियाने एप्रिल-मे महिन्यांत निर्यात काही आठवडे रोखलीही, तेव्हा साबण-शाम्पूच्या कंपन्यांनी भाववाढीला जबाबदार धरले आणि ते योग्यच होते. मुंबईच्या हिंदुस्थान युनिलिव्हरची मार्च २०२२ तिमाहीतली विक्री रकमेत १० टक्के वाढली, पण विकल्या गेलेल्या मालाचे प्रमाण जागच्या जागी होते. सगळी वाढ किमतीची होती. पुढे कच्चा माल उतरल्यावर मार्जिन सुधारले तर ती सुधारणा कशामुळे, हा प्रश्न त्याच कठोरपणे विचारला पाहिजे. आकारमानातली वाढ आणि किमतीतली वाढ वेगळी सांगायला जी कंपनी अडखळते, तिच्याबाबत हा प्रश्न अधिकच गरजेचा.

गायडन्सचा मोह उलट दिशेनेही काम करतो. कमी सांगायचे आणि जास्त करून दाखवायचे, ही सवय अनेक व्यवस्थापनांना असते, कारण बाजार ‘अंदाजापेक्षा सरस’ या शब्दांना बक्षीस देतो. इन्फोसिसने एप्रिल २०२४ मध्ये पुढच्या वर्षासाठी १ ते ३ टक्के सांगितले, पायरीपायरीने ते जानेवारी २०२५ पर्यंत ४.५ ते ५ टक्क्यांवर नेले आणि वर्ष संपले ४.२ टक्क्यांवर. एप्रिलच्या आकड्याशी ताडले तर दणदणीत यश, जानेवारीच्या आकड्याशी ताडले तर चूक. दोन्ही वाक्ये खरी आहेत. शिवाय त्या जुलैमध्ये इन-टेक ही जर्मन कंपनी विकत घेण्याचा व्यवहार पूर्ण झाला होता, म्हणजे वाढीतला काही भाग विकत आणलेला होता. विकत घेतलेली वाढ वजा करून उरते तिला ऑरगॅनिक वाढ म्हणतात, आणि गायडन्स वाढवला असे ऐकल्यावर वाढ त्या अर्थाने किती, हा पहिला प्रश्न असतो. एखाद्या व्यवस्थापनाचा स्वभाव जाणून घ्यायचा तर गेल्या पाच वर्षांतला प्रत्येक एप्रिलचा आकडा आणि पुढच्या मार्चअखेरचा प्रत्यक्ष आकडा अशी दोन रकान्यांची वही पुरते. नेहमी खाली सांगणाऱ्याचा अंदाज वाढवून वाचायचा असतो, नेहमी वर सांगणाऱ्याचा कमी करून.

लेखी प्रत वाचताना निवेदनापेक्षा प्रश्नोत्तरांचा भाग आधी वाचलेला बरा. दुसऱ्या सहामाहीसाठी किती वाढ लागेल, असा थेट प्रश्न बहुतेक संवादांत कोणीतरी विचारतोच. त्याला आकड्याचे उत्तर मिळते की ‘आम्ही सावध आशावादी आहोत’ असे, हे तिथे दिसते. ‘व्हिजिबिलिटी कमी आहे’ याचा अर्थ पुढच्या कामांची खात्री नाही एवढाच, आणि ‘डिसिजन मेकिंग लांबले आहे’ म्हणजे बोलणी चालू असली तरी सही झालेली नाही. अशी उत्तरे सलग दोन-तीन तिमाही आली आणि गायडन्स मात्र जसाच्या तसा राहिला, तर वर्षाच्या शेवटच्या तिमाहीवर अशक्य ओझे पडलेले असते. ते किती आहे हे पाहायला वर्षाच्या लक्ष्यातून झालेल्या तिमाही वजा करायच्या आणि उरलेल्या तिमाहींनी भागायचे.